चार जीबीवर गिल्बर्ट हिल

सकाळी ६:३०

गणपती तीन आठवड्यांवर आलेत. अंधेरी पश्चिमेच्या एका मंडळाने यंदा देखाव्यामागच्या पडद्यासाठी गिल्बर्ट हिल मागितला आहे. रुंदी ८ फूट, उंची ६ फूट, छपाई कापडावर. मी जागेवर बसून केलेलं जलरंगातलं चित्र ए-फोर कागदावरचं आहे आणि स्कॅन करून नुसतं ताणलं, तर त्या आकाराला ते धुरकट दिसतं. मंडळाला जवळून पाहिल्यावर खडकाचा पोत दिसायला हवा आहे. म्हणून आजचा दिवस स्टेबल डिफ्यूजनच्या इमेज-टू-इमेजचा.

बोरिवलीतल्या आमच्या घरातला संगणक साधा आहे: जीटीएक्स १६५० कार्ड, त्यात ४ जीबी व्हीरॅम, आणि संगणकाची स्वतःची रॅम १६ जीबी. हे कार्ड ७५ वॅटच्या आत चालतं, त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही. सकाळी खोली त्यातल्या त्यात थंड असते, म्हणून सुरुवात लवकर.

पहिलं काम म्हणजे कार्ड रिकामं करणं. मॉनिटरची केबल मी कार्डातून काढून मदरबोर्डच्या पोर्टला लावते. प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स असल्याने पडदा त्यावर चालतो, आणि विंडोज जी काहीशे एमबी अडवून बसतं ती सुटतात. ब्राउझरचं हार्डवेअर ॲक्सिलरेशनही बंद. चार जीबीत काहीशे एमबी ही छोटी गोष्ट नाही.

सकाळी ७

ऑटोमॅटिक११११ची वेबयूआय सुरू करण्याआधी `webui-user.bat` मधली ही ओळ तपासते:

```
set COMMANDLINE_ARGS=--medvram --xformers --upcast-sampling --no-half-vae
```

यातला प्रत्येक शब्द कशासाठी आहे हे कळलं की पुढचा दिवस सोपा जातो. स्टेबल डिफ्यूजन १.५ मध्ये तीन भाग आहेत. शब्द वाचणारा एक, चित्राचं संक्षिप्त रूप बनवणारा आणि ते परत उलगडणारा व्हीएई, आणि प्रत्यक्ष नॉइज काढणारं यू-नेट. यू-नेटमध्ये सुमारे ८६ कोटी आकडे आहेत. प्रत्येक आकडा २ बाइटमध्ये ठेवला तर पावणेदोन जीबीच्या आसपास जागा जाते, ४ बाइटमध्ये ठेवला तर जवळजवळ साडेतीन जीबी. म्हणजे पूर्ण अचूकतेत नुसतं यू-नेट ठेवलं तरी कार्ड भरलं, चित्राला जागाच उरली नाही.

अडचण अशी की १६-मालिकेतल्या कार्डांवर अर्ध्या अचूकतेतलं गणित बिघडतं आणि चित्र काळं येतं. `--upcast-sampling` यातून वाट काढतं: आकडे साठवायचे २ बाइटमध्ये आणि हिशोब करताना तेवढ्यापुरते मोठे करायचे. `--no-half-vae` हाच आधार व्हीएईला देतं. तो नसेल तर सगळ्या पायऱ्या नीट पार पडतात आणि शेवटच्या क्षणी एनएएनची तक्रार येते. अशा वेळी यू-नेटमागे न लागता आधी व्हीएईकडे पाहावं. `--medvram` तिन्ही भाग आळीपाळीने कार्डावर आणतं आणि बाकीचे रॅममध्ये थांबवतं. याहून कडक `--lowvram` असतं, ते यू-नेटचेसुद्धा तुकडे करून ने-आण करतं. त्याने वेळ इतका जातो की गरज नसताना मी त्याच्या वाटेला जात नाही.

`--xformers`चं महत्त्व आजच्या चित्रावरच दाखवता येईल. चित्र १०२४ × ७६८ असेल तर मॉडेल आत त्याचं १२८ × ९६ चं रूप हाताळतं. म्हणजे १२,२८८ जागा, आणि सर्वांत वरच्या थरात प्रत्येक जागेने इतर प्रत्येक जागेकडे पाहायचं असतं. हा तक्ता जसाच्या तसा मांडला तर ८ हेडचे मिळून, २ बाइटच्या हिशोबानेही, सुमारे २.४ जीबी होतात. त्यात प्रॉम्प्ट आणि निगेटिव्ह प्रॉम्प्ट एकत्र चालतात, म्हणून दुप्पट. ५१२ × ५१२ ला हाच एकेरी तक्ता पाव जीबीच्या थोडासाच वर असतो. बाजू दुप्पट केली की पिक्सेल चौपट होतात आणि हा तक्ता सोळापट. एक्सफॉर्मर्स तो पूर्ण तक्ता कधी मांडतच नाही, भागाभागाने हिशोब करून पुढे जातं.

सकाळी ८

चित्र ४:३ मापात कापून १०२४ × ७६८ केलं. मोठे निर्णय सगळे याच लहान आकारात घ्यायचे, हा माझा नियम. पुढे चित्र तुकड्यांत चालणार, आणि तुकड्याला पूर्ण चित्र दिसत नाही. डोंगराची कड कुठे, उजेड कुठून, देऊळ केवढं, हे सगळं आत्ता ठरलं नाही तर नंतर ठरवता येत नाही.

इमेज-टू-इमेजमागची कल्पना २०२१ साली एसडीएडिट नावाच्या शोधनिबंधात मांडली गेली. आपल्या चित्रात ठराविक मर्यादेपर्यंत नॉइज मिसळायचा आणि तिथून मॉडेलला तो काढायला लावायचा. किती मिसळायचा ते स्ट्रेंग्थ ठरवते. ३० पायऱ्या आणि स्ट्रेंग्थ ०.४ असेल तर शेवटच्या साधारण १२ पायऱ्याच चालतात, त्यामुळे वेळही त्याच प्रमाणात वाचतो. नॉइज जितका जास्त, तितकं मूळ चित्र पुसलं जातं आणि मॉडेल स्वतःच्या आठवणीतून भर घालतं.

या आठवणीचीच मला काळजी असते. गिल्बर्ट हिल म्हणजे लाव्हा थंड होऊन आकसताना तडकून झालेले, साठ मीटरच्या आसपास उंचीचे काळ्या बेसॉल्टचे उभे खांब, वर गावदेवी-दुर्गामातेचं देऊळ आणि पायथ्याशी चहूबाजूंनी दाटलेल्या इमारती. मॉडेलला हा डोंगर ठाऊक नाही. बेसॉल्टचे खांब म्हटलं की त्याने बहुधा आइसलँड आणि आयर्लंडचे किनारे पाहिलेले असतात. सूचना इंग्रजीत द्यावी लागते, कारण १.५ चा शब्द वाचणारा भाग इंग्रजी मथळ्यांवर तयार झालेला आहे:

```
watercolor, tall black basalt cliff, vertical columns,
small temple on top, low buildings at foot, monsoon sky
```

०.६ वर पायथ्याच्या इमारती विरघळून तिथे लाटा आल्या आणि देवळाला निमुळता मनोरा फुटला. ०.३ वर जवळपास काहीच बदललं नाही. ०.४ वर खांबांना धार आली, सावल्या खोल झाल्या आणि देऊळ देऊळच राहिलं. तेच पक्कं केलं.

सकाळी ९:३०

इमारतींचा पट्टा मात्र ०.४ वरही मान्य होण्यासारखा नव्हता. खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या, वाळत घातलेले कपडे, गच्चीवरच्या काळ्या टाक्या, निळी ताडपत्री, हे सगळं मॉडेल धूळ झटकावी तसं पुसून टाकतं आणि त्याजागी नीटस दगडी घरं बसवतं. अंधेरीच्या लोकांसमोर अंधेरीचा पडदा लावायचा आणि त्यात अंधेरीच नसावी, हे मला चालणार नाही. म्हणून तो पट्टा मी मूळ चित्रातून परत घेतला: दोन थर एकावर एक ठेवून, मऊ ब्रशने मास्क रंगवून. पुढच्या सगळ्या टप्प्यांत त्या पट्ट्याला ०.१५ पेक्षा जास्त स्ट्रेंग्थ द्यायची नाही, अशी चिठ्ठी मॉनिटरला लावली.

सकाळी ११

पहिली वाढ: १०२४ वरून २०४८ × १५३६. यासाठी अल्टिमेट एसडी अपस्केल ही स्क्रिप्ट वापरते. ती आधी साध्या अपस्केलरने चित्र मोठं करते आणि मग ५१२च्या टाइल पाडून प्रत्येकीवर इमेज-टू-इमेज चालवते. भोवती पॅडिंग ६४ ठेवलं की प्रत्यक्षात प्रत्येक वेळी ५७६ × ५७६ एवढाच भाग कार्डावर येतो. चित्र कितीही मोठं असो, कार्डावरचा भार तेवढाच. चार जीबीवर मोठं चित्र शक्य होतं ते यामुळे. व्हीएईलाही तोच फायदा मिळतो. ४०९६ × ३०७२ चं चित्र एका दमात उलगडायला गेलं, तर शेवटच्या टप्प्यात पूर्ण मापाचे २५६ थर असतात, आणि ४ बाइटने त्या एका टप्प्यालाच १२ जीबीच्या वर जागा लागते.

इथे ४ आडव्या, ३ उभ्या, अशा १२ टाइल. पण सकाळचीच सूचना ठेवून हे चालवलं तर काय होतं ते लहान नमुन्यावर पाहण्यासारखं आहे. प्रत्येक टाइलला सांगितलं जातं, ‘वर छोटं देऊळ’. टाइलला बिचारीला डोंगराचा मधला भागच दिसतो, मग ती तिथेच देऊळ शोधते. ०.५ स्ट्रेंग्थवर खडकाच्या कपारीकपारीत कळस उगवतात आणि कोऱ्या आकाशात खांबांच्या सावल्या येतात. म्हणून या टप्प्यापासून सूचनेतून सगळ्या वस्तू काढून टाकायच्या, फक्त पोत ठेवायचा:

```
watercolor on rough paper, visible brush strokes, fine detail
```

आणि स्ट्रेंग्थ ०.३. शिवाय कंट्रोलनेटचं टाइल मॉडेल, `control_v11f1e_sd15_tile`, लो व्हीरॅमची खूण करून जोडते. ते प्रत्येक टाइलला तिच्याखालचं मूळ चित्र दाखवत राहतं, म्हणजे तपशील भरायला मोकळीक आणि आकार बदलायला बंदी. हे मॉडेल ल्यूमिन झांग यांच्या २०२३ च्या कामातून आलं. माझ्या मते छोट्या कार्डवाल्यांना त्या वर्षी मिळालेली ही सर्वांत उपयोगी गोष्ट आहे.

दुपारी १२:१५

मंडळाचा एक कार्यकर्ता येऊन गेला. मॉनिटरवर डोंगर पाहून म्हणाला, “ताई, हा तर आमच्या गॅलरीतून दिसतो तसाच आहे. पण रिझोल्युशन पुरेल ना? प्रेसवाला तीनशे डीपीआय मागतो.”

त्याला कागदावर हिशोब करून दाखवला. ८ फूट म्हणजे ९६ इंच. ४०९६ पिक्सेल त्यावर पसरले तर इंचाला ४२च्या आसपास येतात. लोक रांगेतून दहा फुटांवरून पाहणार. सर्वसाधारण नजर कोनाच्या एका मिनिटाएवढं अंतर वेगळं ओळखू शकते, आणि दहा फुटांवर ते इंचाच्या सुमारे अठ्ठाविसाव्या भागाएवढं येतं. म्हणजे ४२ पुरून उरतात. तीनशेचा आग्रह हातात धरायच्या पुस्तकासाठी बरोबर आहे. त्या मापाने या पडद्याला २८,८०० पिक्सेल रुंदी लागेल आणि त्यातलं बहुतेक मॉडेलने मनाने भरलेलं असेल.

“मग प्रेसवाल्याला तुम्हीच फोन करा,” तो म्हणाला. केला.

दुपारी १

आता मोठी फेरी: २०४८ वरून ४०९६ × ३०७२. टाइल ८ गुणिले ६, एकूण ४८. ३० पायऱ्यांवर ०.३ म्हणजे प्रत्येकी ९, सगळ्या मिळून ४३२ पायऱ्या. कंट्रोलनेटसकट माझ्या कार्डाला एका पायरीला तीनेक सेकंद लागतात, म्हणजे वीस-बावीस मिनिटं, वर प्रत्येक टाइलच्या व्हीएईचा वेळ. सांधे झाकणारी हाफ टाइल फेरी मी आत्ता लावली नाही. तिचा हिशोब ऐकण्यासारखा आहे: आडव्या सांध्यांवर ४० टाइल, उभ्या सांध्यांवर ४२, मिळून ८२. ०.२ स्ट्रेंग्थवर प्रत्येकी ६ पायऱ्या धरल्या तर ४९२. सांधे झाकायला मुख्य कामापेक्षा जास्त वेळ जातो. आधी सांधे दिसतात का ते पाहावं, मग ठरवावं.

जेवायला जाण्याआधी दुसऱ्या खिडकीत `nvidia-smi -l 2` लावून ठेवलं. दर दोन सेकंदांनी मेमरी आणि तापमान दिसतं.

दुपारी १:३०

जेवता जेवता आत डोकावले तर एका पायरीला चाळीस सेकंद लागत होते. चूक म्हणून काहीच दाखवलं जात नव्हतं, काम चालूच होतं. हे लक्षण ओळखता यायला हवं. विंडोजवर २०२३ पासूनचे एनव्हिडियाचे ड्रायव्हर कार्डाची मेमरी संपली की काम न थांबवता उरलेलं रॅममध्ये ढकलतात, आणि तिथून ने-आण करताना वेग दहापट किंवा त्याहून जास्त घसरतो. टास्क मॅनेजरमध्ये ‘डेडिकेटेड’ काठोकाठ भरलेली आणि ‘शेअर्ड’ वाढत चाललेली दिसली की निदान पक्कं. भाच्याने त्याच संगणकावर व्हिडिओ लावला होता, त्याने ती शेवटची जागा खाल्ली होती. व्हिडिओ बंद केला, फेरी पुन्हा लावली, आणि एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये `CUDA - Sysmem Fallback Policy` ला `Prefer No Sysmem Fallback` केलं. यापुढे जागा संपली तर सरळ ‘आउट ऑफ मेमरी’ येईल. तासभर रांगत राहणाऱ्या कामापेक्षा लगेच थांबणारं काम बरं. निदान काय कमी करायचं ते कळतं: आधी टाइल ५१२ वरून ४४८, मग कंट्रोलनेट, आणि अगदी शेवटी `--lowvram`.

दुपारी ३

फेरी संपली. आता तपासणी, आणि दिवसातलं सर्वांत निवांतपणे करायचं काम हेच.

चित्र पूर्ण मॉनिटरवर पाहून सांधे दिसत नाहीत. मी एडिटरमध्ये वरती एक थर ठेवून काँट्रास्ट बेसुमार वाढवते. मग दर ५१२ पिक्सेलवर कुठे उजेडाची पायरी पडली आहे ते उघडं होतं. या चित्रात एक गोष्ट फार स्पष्ट दिसली. खडकात उभे सांधे जवळजवळ सापडतच नाहीत, कारण खांबांच्या मधल्या नैसर्गिक भेगाही उभ्याच आहेत आणि सांधा त्यांत लपतो. आडवे सांधे मात्र लगेच पकडता येतात: वरून येणारी खांबाची कड रेषेवर पोचते आणि खाली तीनचार पिक्सेल सरकून पुढे जाते. खऱ्या गिल्बर्ट हिलच्या खांबांवरही आडव्या चिरा आहेत, पण त्या कधीच एका सरळ रेषेत नसतात. पाच रेषा आणि त्यातल्या दोन इमारतींच्या पट्ट्यातल्या. म्हणजे खडकातल्या तीनच दुरुस्त करायच्या.

आकाशाची तऱ्हा वेगळी. तिथे प्रत्येक टाइलच्या त्याच कोपऱ्यात तसाच ढगाळ डाग होता. सगळ्या टाइलना एकच सीड मिळतं, म्हणून तोच नॉइज पुन्हापुन्हा पडतो. खडकाच्या गर्दीत तो बुजतो, सपाट आकाशात त्याची नक्षी होते. टाइल पुन्हा चालवण्यापेक्षा आकाश मी २०४८च्या चित्रातून साधं मोठं करून घेतलं. जलरंगात ओल्या कागदावर पसरलेल्या आकाशाला बारीक तपशील नसतोच, मग मॉडेलकडून तो मागायचा कशाला?

दुपारी ४:१५

तीन आडवे सांधे इनपेंटने दुरुस्त केले. सांध्यावर सुमारे शंभर पिक्सेल उंचीचा, कडा मऊ असलेला पट्टा रंगवायचा, ‘ओन्ली मास्क्ड’ निवडायचं, म्हणजे मॉडेल तेवढाच भाग आणि भोवतालचं थोडं पाहतं. एकदम पूर्ण रुंदीचा पट्टा द्यायचा नाही, नाहीतर तो ५१२ मध्ये दाबला जातो आणि तपशील हरवतो. ६०० पिक्सेलच्या आसपासचे तुकडे करून पुढे सरकायचं, स्ट्रेंग्थ ०.३५. दोन्ही बाजूंचे खांब दिसत असल्यामुळे मॉडेल मधली कड बरोबर जुळवतं.

सांधे मुळातच पडू नयेत असा मार्गही आहे. मल्टिडिफ्यूजन या २०२३ च्या पद्धतीत टाइल एकमेकींवर चढलेल्या असतात आणि प्रत्येक पायरीला चढलेल्या भागाची सरासरी घेतली जाते. त्याचं टाइल्ड डिफ्यूजन हे एक्स्टेंशन माझ्याकडे आहे. आकाश, पाणी, धुकं अशा मऊ चित्रांना ते उत्तम. पण अर्धा भाग एकावर एक चढवला की टाइलची संख्या चौपटीच्या जवळ जाते, आणि माझ्या अनुभवात खडकासारख्या कडक कडा सरासरीत थोड्या मवाळ होतात. त्यासोबत टाइल्ड व्हीएई लागतंच. त्यातही एक खाच आहे: व्हीएईच्या आत रंगांचं प्रमाण ठरवताना पूर्ण चित्राची सरासरी लागते, ती टाइलगणिक वेगळी घेतली तर शेजारच्या तुकड्यांचा रंग किंचित वेगळा पडतो. चांगलं एक्स्टेंशन ती सरासरी सगळ्या टाइलची मिळून घेतं.

सायंकाळी ६

इमारतींचा पट्टा. ०.१५ वर फक्त कागदाचा दाणा आला, बाकी सगळं माझंच. टाक्या, जाळ्या आणि दोरीवरचे कपडे मी टॅब्लेटवर ४०९६ च्या मापात हाताने पुन्हा रंगवले. याला दीड तास गेला आणि तो कुठल्याही सेटिंगने वाचला नसता. मॉडेलकडे पोत मागावा, ओळख आपण द्यावी, असं माझं मत या कामाने पक्कं होत गेलं आहे. आणि हेही स्पष्ट सांगायला हवं: खडकात आता दिसणाऱ्या बारीक चिरा गिल्बर्ट हिलवर तशाच नाहीत. पडद्याला ते चालतं. भूगर्भशास्त्राच्या तक्त्यासाठी किंवा वारसा-नोंदीसाठी कोणी हेच चित्र मागितलं तर मी मूळ स्कॅन देईन.

रात्री ८

लोकलने अंधेरीला जाऊन प्रेसमध्ये पेन ड्राइव्ह दिला. पूर्ण पडदा छापण्याआधी खडक, आकाश आणि एक दुरुस्त केलेला सांधा येईल अशी फूटभर रुंदीची पट्टी कापडावर काढून घेतली. कापड शाई पितं, त्यामुळे काळा रंग मॉनिटरवर दिसतो त्याहून दाट उतरतो आणि खांबांच्या सावल्या एकमेकींत मिसळतात. तसंच झालं होतं. सांधा मात्र दहा फुटांवरून दिसला नाही, आणि हातभर अंतरावरून प्रेसवाल्यालाही सापडला नाही.

त्याच्याच संगणकावर सावल्या थोड्या उघडल्या, दुसरी पट्टी काढली. या वेळी खांब सुटे सुटे दिसले. उद्या दुपारी पूर्ण पडदा छापायला घेतील.